अकराव्या केबिनमधली पोरं



हट्ट्यात आम्ही काही जण पुस्तकं एकमेकांत फिरवून वाचतो. यंदा रिक रायर्डनची ‘पर्सी जॅक्सन’ ही अमेरिकन मालिका आमच्या हाती लागली. २००५ ते २००९ या काळात आलेली तिची पाचही पुस्तकं आम्ही वाचून काढली.

त्यात ग्रीक देव न्यूयॉर्कला राहायला आले आहेत. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस हे सख्खे भाऊ, पण एकाचा एकावर विश्वास नाही. झ्यूसचं वज्र चोरीला जातं तेव्हा त्याचा पहिला संशय भावाच्या मुलावर, पर्सीवरच जातो. देवांना माणसांपासून झालेल्या मुलांना शक्ती वारशाने मिळते. पोसायडनच्या पोराचं पाणी ऐकतं, अथीनाची पोरगी डोक्याने हुशार निघते. देवांची इतकी टिंगल आपल्याकडच्या लेखकाने केली असती तर काय झालं असतं, ते सोडा.

आम्ही अडलो ते या मुलांच्या छावणीपाशी. तिथे बारा देवांच्या नावाने बारा केबिन आहेत आणि ज्याचा जन्म जिथला त्याने तिथे राहायचं. ज्या पोराला कोणत्याच देवाने आपलं म्हटलेलं नाही, त्याला हर्मीसच्या अकराव्या केबिनमध्ये ढकलतात. तिथे पोरं जमिनीवर झोपतात. पर्सी येतो तेव्हा बारापैकी चार केबिन रिकाम्या असतात, पण त्यांची दारं या पोरांना उघडत नाहीत. लहान देवांच्या मुलांना तर केबिनच नाही. पुढे ल्यूक बंड करतो तेव्हा असली पोरं त्याला जाऊन मिळतात, यात नवल काय? लेखक त्याला खलनायक करतो, पण त्याची तक्रार खोटी ठरवत नाही. इथे रायर्डनला मानलं पाहिजे.

शेवटच्या पुस्तकात देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि मागतो काय, तर प्रत्येक मुलाला तेराव्या वर्षापर्यंत त्याच्या देव-पालकाने आपलं म्हणावं आणि लहान देवांनाही केबिन द्याव्यात. मागणी चांगली आहे. पण केबिन वाढल्या, मोडल्या नाहीत. ‘जातिनिर्मूलना’त (१९३६) बाबासाहेबांनी नुसत्या सहभोजनाने जात जाणार नाही, तिला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांवरच घाव घातला पाहिजे असं सांगितलं, ते इथे आठवतं.

आपल्या महाभारतातही हेच आहे. सूताघरी वाढलेला कर्ण पराक्रमी निघतो, तर कथा लगेच त्याला सूर्याचा मुलगा ठरवते. एकलव्याच्या मागे कोणी देव बाप नाही. त्याने नुसत्या सरावाने विद्या मिळवली आणि अंगठा त्याचाच गेला.

आमच्या मनात राहिली पर्सीची आई, सॅली. ती मिठाईच्या दुकानात काम करते. इतर माणसांना न दिसणारे राक्षस तिला दिसतात. पहिल्या पुस्तकात पोराला वाचवत ती छावणीच्या सीमेपर्यंत येते, पण माणूस म्हणून तिला आत पाऊल टाकता येत नाही.