उपचार संपले, तपासणी बाकी आहे

डिसेंबर २०१८ च्या सुरुवातीला अभिनेत्री सोनाली बेंद्रे न्यूयॉर्कमधले कर्करोगावरचे काही महिन्यांचे उपचार आटोपून मुंबईला परतल्या. परतताना त्यांनी एक जाहीर मजकूर लिहिला. घरच्यांना आणि मैत्रिणींना भेटण्याची ओढ त्यात होती, आवडीचे काम पुन्हा करता येणार याची उत्सुकता होती. लढाई अजून संपलेली नाही, हेही त्यांनी त्याच दमात लिहिले होते, आणि तरी हा मधला काळ आनंदाचा आहे, आपण त्याची वाट पाहतो आहोत, असेही. ‘मी बरी झाले’ असा दावा त्यात कुठेही नव्हता.

आजारातून सावरणाऱ्या माणसाला टप्प्याटप्प्यावर लोकांना काहीतरी कळवावे लागते. ते कसे कळवावे, यासाठी त्या वर्षीचा सोनाली बेंद्रे यांचा लेखनक्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. ४ जुलैला त्यांनी पहिल्यांदा सांगितले की एका बारीक, सतत त्रास देणाऱ्या दुखण्यामुळे तपासण्या केल्या, आणि शरीरात पसरलेला, वेगाने वाढणारा कर्करोग निघाला. एवढे सांगितले. कोणत्या अवयवाचा, कोणती औषधे, किती शक्यता, हे त्या मजकुरात नव्हते. पुढे काही दिवसांनी केस कापल्याचे सांगितले. मग मुलाविषयी लिहिले. तो तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि त्याला काय आणि कसे सांगायचे हा आईवडिलांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता. शेवटी त्यांनी त्याला सगळे खरे सांगितले. ऑक्टोबरमध्ये आपल्या पुस्तक मंडळाच्या वाचकांना कळवले की किमोथेरपीमुळे नजरेवर परिणाम झाला होता, काही काळ वाचता येत नव्हते, म्हणून पुढच्या पुस्तकाला उशीर झाला.

त्या सगळ्या महिन्यांत वैद्यकीय तपशील फार थोडे बाहेर आले, पण जे आले ते का आले हे कळते. नजरेची गोष्ट सांगितली, कारण वाचक पुस्तकाची वाट पाहत होते. केसांची सांगितली, कारण पुढचे छायाचित्र पाहून लोक दचकले असते. ज्याला जे कळल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, तेवढेच त्याला सांगितले गेले.

गप्प राहण्याचीही किंमत असते, हेही त्याच वर्षी दिसले. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराने त्यांना चक्क श्रद्धांजली वाहिली. नंतर खुलासा केला गेला. पण तोवर ती अफवा घरोघर पोचली होती आणि पतीला लोकांना विनवावे लागले की असल्या बातम्या पसरवू नका. खरी बातमी वेळच्या वेळी दिली नाही, तर तिच्या जागी दुसरी काहीतरी येऊन बसते. आपल्याकडच्या नात्यागोत्यात तर हे फारच लवकर होते.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून माणसे इथे येतात. मराठवाड्यात तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचे कर्करोग भरपूर, आणि त्यातल्या अनेकांच्या वाट्याला रेडिएशन येते, ज्याला इथे सगळे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे साधारण सहा-सात आठवडे. घरापासून दूर खोली घेऊन राहायचे, डब्याची सोय लावायची, सोबतीला कोण थांबणार याच्या पाळ्या ठरवायच्या. मग एक दिवस शेवटचा शेक होतो आणि सोबतचा माणूस रुग्णालयाच्या दारातूनच नातेवाइकांना कळवतो: ‘झालं एकदाचं!’

गावाकडे याचा अर्थ सरळ घेतला जातो. आजार गेला, आता त्याला जेवायला बोलवायला हरकत नाही.

पण शेक संपतो तो दिवस बरे वाटण्याचा नसतो. रेडिएशनचा परिणाम पेशींवर नंतरही चालू राहतो. तोंडातले फोड, गिळतानाची आग, मानेची काळवंडलेली, सोललेली कातडी आणि अंगातला थकवा हे सगळे शेवटच्या दिवसानंतरही एक-दोन आठवडे वाढतच जाते आणि मग हळूहळू उतरते. चव परत यायला काही महिने लागतात. लाळ तर पूर्वीसारखी सुटेलच असे नाही. अशा माणसापुढे आनंदाने पुरणपोळीचे ताट आले, तर त्याच्यावर एकाच वेळी दोन संकटे येतात: खाता येत नाही, आणि का खात नाही हे सांगावे लागते.

दुसरी गोष्ट निकालाची. उपचार लागू पडले की नाही, हे शेवटच्या दिवशी कळतच नाही. शेकाने सुजलेला भाग तपासणीत आजारासारखाच दिसू शकतो, म्हणून डोक्या-मानेच्या कर्करोगात पेट स्कॅन साधारण बारा आठवडे थांबून करतात. म्हणजे ‘झालं एकदाचं’ आणि ‘रिपोर्ट चांगला आला’ यांच्यामध्ये तीन महिन्यांचा रिकामा पट्टा आहे, आणि माणसाची सर्वांत मोठी परीक्षा तिथेच असते. रोज रुग्णालयात जायचा क्रम सुटलेला असतो, डॉक्टर रोज दिसत नाहीत, अंग दुखते ते शेकामुळे की आणखी कशामुळे हे कळत नाही. आणि घरात अभिनंदनाचे फोन येत असतात.

शेवटच्या दिवसाचा सोहळा करावा का, यावर बाहेरच्या जगात थोडा विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९९६ साली नौदलातल्या एका अधिकाऱ्याने उपचार संपल्यावर वाजवण्यासाठी पितळी घंटा आणली, आणि तिथून ती प्रथा पसरत आपल्याकडच्या रुग्णालयांतही आली. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दोनशेहून अधिक रुग्णांना विचारून पाहिले. त्यांची अपेक्षा अशी होती की घंटा वाजवणाऱ्यांच्या मनात उपचारांची आठवण जरा सौम्य होऊन राहील. २०१९ मध्ये छापून आलेला निष्कर्ष उलटा होता. घंटा वाजवलेल्यांना आपला त्रास नंतर अधिकच तीव्र आठवत होता. भावना उचंबळून आलेल्या क्षणी जे मनात असते ते घट्ट कोरले जाते, असे त्याचे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवले. एका अभ्यासावरून घंटा उतरवायला नको. ज्याला वाजवावीशी वाटते त्याने जरूर वाजवावी. पण ज्याला त्या दिवशी नुसते घरी जाऊन पडायचे आहे, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा देऊन छायाचित्र काढण्याचा हट्ट कुणी धरू नये.

मग कळवायचे काय? समजा, सिल्लोडकडच्या एका शिक्षकाचा शेक काल संपला. सहकारी, विद्यार्थी, भाऊबंद, सोयरे मिळून शंभरेक माणसे वाट पाहत आहेत. पहिल्या झटक्यात तो लिहील: ‘देवाच्या कृपेने आणि तुमच्या आशीर्वादाने मी कॅन्सरवर मात केली.’ कृतज्ञता खरी आहे, पण मात झाली की नाही हे अजून त्याच्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तीन महिन्यांनी काही वेगळे निघाले, तर तेच वाक्य त्याला मागे घ्यावे लागेल, आणि काही लोकांना वाटेल की त्याने फसवले. दुसऱ्या टोकाला तो गाठीच्या मापापासून बायोप्सीच्या भाषेपर्यंत सगळा रिपोर्टच पाठवेल. मग कुणाचा तरी मेहुणा तो कुणाला तरी दाखवेल आणि रात्री फोन येईल की अमुक वैद्याकडे एकदा जाऊन या.

त्यापेक्षा तो असे लिहू शकतो:

‘सर्वांना नमस्कार. काल माझे रेडिएशन ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले. उपचारांचा गुण किती आला हे दिवाळीनंतरच्या तपासणीत कळेल. तेव्हा मीच कळवीन. सध्या बोलायला आणि गिळायला त्रास आहे, तो आणखी काही दिवस वाढेल असे डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे, काळजी करू नये. फोनऐवजी दोन ओळी लिहिल्या तर मला आनंद होईल. भेटायला संध्याकाळी यावे, थोडा वेळ बसावे; सर्दी-खोकला असेल तर नंतर यावे. उपचारांविषयी काही विचारायचे असल्यास धाकट्या भावाशी बोलावे. काल दोन महिन्यांनी माझ्या स्वतःच्या अंथरुणात झोपलो, फार बरे वाटले.’

या मजकुरात आशा आहे ती शेवटच्या वाक्यात, आणि ती घडलेल्या गोष्टीतून आलेली आहे. उद्याचे वचन त्यात नाही. अवयवाचे नाव नाही, औषध नाही, टप्पा नाही. तरी वाचणाऱ्याला काय करायचे आणि काय करायचे नाही, हे पुरते कळते. भावाचे नाव पुढे केले हे तर फार शहाणपणाचे, कारण तेच उत्तर दिवसातून वीसदा देण्याने आजारी माणूस जेवढा थकतो तेवढा जिना चढूनही थकत नसेल.

‘कितव्या स्टेजचा होता?’ हा प्रश्न तरीही येणार. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीच असते. त्याला एक आकडा हवा असतो, म्हणजे किती घाबरायचे ते ठरवता येईल. पण स्टेज हे निदानाच्या वेळचे मोजमाप आहे. उपचारांनी आजार मागे हटला तरी नोंदीत ती स्टेज तीच राहते. म्हणजे आज हिमायत बागेत सकाळी एक फेरी मारून आलेल्या माणसाची प्रकृती त्या जुन्या आकड्यावरून कळत नाही. ‘ते डॉक्टरांवर सोडलंय, पण आज बागेत फेरी मारून आलो,’ हे उत्तर टाळाटाळीचे नाही. खरी ताजी बातमी दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे.

तपशील सांगूच नयेत, असे मात्र कुणी समजू नये. डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ मध्ये स्वतःच्या हृदयविकाराचे सगळे उघड मांडले. त्यांना वाचकांचे खाणे, चालणे, राहणे बदलायचे होते, आणि त्यासाठी तपशीलच लागत होते. सिल्लोडच्या शिक्षकालाही वर्षभराने गुटखा खाणाऱ्या पोरांसमोर तोंड उघडून दाखवावेसे वाटले, तर त्याने जरूर दाखवावे. ती वेळ त्याने निवडलेली असेल.

आणि दिवाळीनंतरची तपासणी? ती दर वेळी स्वच्छ हो किंवा नाही असे उत्तर देत नाही. ‘एक जागा संशयास्पद वाटते, काही आठवड्यांनी पुन्हा पाहू,’ असे अनेकांना ऐकावे लागते, आणि त्यातले कित्येक संशय नुसत्या उरलेल्या सुजेचे निघतात. त्याने कळवीन म्हटले होते, म्हणून कळवायला हवेच: ‘तपासणी झाली. एक गोष्ट पुन्हा पाहायची आहे, म्हणून पुढची तारीख दिली आहे. मधल्या काळात सोमवारपासून अर्धा दिवस शाळेत जाणार आहे. सहावीचा वर्ग सध्या नको, आवाज पुरत नाही. दहावीचे गणित घेईन.’ तपासण्या पुढची काही वर्षे चालतीलच, आधी दर दोन-चार महिन्यांनी आणि मग लांबत जाणाऱ्या अंतराने. दर वेळी शंभर जणांना कळवण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी मुख्याध्यापकांना तेवढी रजा कळवली आणि घरच्यांना निकाल सांगितला, की पुरे.