तिसरा आठवडा

औषध सुरू करून तिसरा आठवडा लागला आणि माझा चेहरा पहिल्या दिवसापेक्षा वाईट दिसायला लागला. याआधी दोनदा मी नेमकी इथेच ट्यूब कचऱ्यात टाकली होती. ‘मला सूट होत नाही’ असं सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर माझा कॅमेरा कायम बंद. नेटवर्कचं कारण देऊन देऊन लोकांना वाटायला लागलं होतं की मी पुण्यात नाही, कुठल्या तरी डोंगरात राहते.

या वेळी त्वचेच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, “तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुला मला शिव्या द्याव्याशा वाटतील. तेव्हा औषध बंद करायच्या आधी मला फोन कर.”

त्यांनी गाल आणि हनुवटी दाबून पाहिली. खोल, दुखऱ्या गाठी नव्हत्या, खड्डे पडायला लागले नव्हते. तसं असतं तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार करावा लागला असता, आणि त्यात रक्ततपासण्या आल्या, गर्भ राहू न देण्याची कडक अट आली. माझ्यासाठी तीन गोष्टी ठरल्या. रात्री अॅडापलीन ०.१ टक्के जेल. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल. आणि दुपारी जेवणानंतर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची गोळी, तीही फक्त तीन महिने. पाळी नियमित येते का, गरोदर आहेस का किंवा तसा विचार आहे का, हेही त्यांनी विचारलं. मला अवघडल्यासारखं झालं. पण यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत आणि पाळीच्या गडबडीमुळेही पुळ्या येतात, म्हणून तो प्रश्न गरजेचाच होता.

मग मला कुणीच कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. आज वर दिसणारी पुळी आज तयार झालेली नसते. काही आठवडे आधीच त्या जागी छिद्राचं तोंड आतून बंद झालेलं असतं. अॅडापलीन ही तोंडं बंद होऊ देत नाही. म्हणजे ते पुढच्या पुळ्या थांबवतं, पण आत आधीच तयार असलेल्या वर यायच्या राहत नाहीत. काहींच्या बाबतीत तर सुरुवातीला जरा जास्तच येतात. म्हणून निकाल बघायचा तो बाराव्या आठवड्यात. मी दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यातच निकाल लावून टाकला होता.

तरीही या वेळी गाल सोलवटले, ओठांच्या कडा फाटल्या, पाणी लागलं तरी झोंबायला लागलं. मी फोन केला.

त्यांनी आधी विचारलं, “लावल्यावर थोडा वेळ चुरचुरतं की दिवसभर जळतं? पापण्या सुजल्यात? कुठे पाणी सुटतंय?” थोडं चुरचुरणं, कोरडेपणा, पापुद्रे निघणं हे अपेक्षित असतं. सूज, पाणी सुटणं किंवा सतत आग होत असेल तर औषध थांबवून लगेच दाखवायचं. माझं पहिल्या प्रकारातलं होतं, फक्त जास्त. मग त्यांनी मी नक्की काय काय करते ते ऐकून घेतलं, आणि माझ्या चुका मलाच कळत गेल्या.

संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल सांगितलं होतं. मी प्रत्येक गालाला वाटाण्याएवढं घेत होते. तोंड धुतल्या धुतल्या ओल्या चेहऱ्यावर लावत होते, त्यामुळे ते जास्तच झोंबायचं. एक दिवसाआड सांगितलेलं असताना ‘लवकर बरं होईल’ म्हणून रोज लावत होते. जुना सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश आणि रविवारचा स्क्रबही चालूच होता. शिवाय आईच्या आग्रहाखातर दोनदा मुलतानी माती. आणि मॉइश्चरायझर? ते मी लावतच नव्हते. तेलकट चेहऱ्याला आणखी क्रीम कशाला, असा माझा हिशेब.

“त्वचेवरचा थर सोलवटतोय,” त्या म्हणाल्या, “मॉइश्चरायझर नसेल तर तू हे औषध सहनच करू शकणार नाहीस. तोही उपचारच आहे.”

तीन रात्री जेल बंद. त्यानंतर दर तिसऱ्या रात्री. साध्या, बिनवासाच्या फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपून कोरडं करायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग पाच ठिकाणी ठिपके देऊन वाटाण्याएवढं जेल, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. नाकाच्या आणि ओठांच्या कडांना आधीच व्हॅसलीन. आठवडाभरात झोंबणं थांबलं. पुढे एक दिवसाआड आणि सहाव्या आठवड्यापासून रोज, असं करत मी पुन्हा मूळ वेळापत्रकावर आले. ओठांवरचं वॅक्सिंग मात्र बंद केलं, कारण नाजूक झालेली कातडीच त्याबरोबर निघून येते.

दुसरा धडा सिंहगडावर मिळाला. मी पुण्यातली स्कार्फवाली. स्कूटरवर डोळे सोडून सगळं झाकलेलं, त्यामुळे सनस्क्रीनची गरज काय, असं वाटायचं. सातव्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर गड चढले. सकाळी चेहऱ्याला सनस्क्रीन लावलं होतं, पुन्हा लावलं नाही. संध्याकाळी नाक तर लाल झालंच, पण हातांचे पंजे आणि मानेची मागची बाजूही भाजल्यासारखी झाली. तिथे तर मी कुठलंच जेल लावत नव्हते! पण डॉक्सिसायक्लिन पोटातून सगळ्या अंगात जातं आणि सगळीच त्वचा उन्हाला हळवी करतं.

तेव्हापासून सकाळचा क्रम ठरला. बेंझॉइल पेरॉक्साइड, मॉइश्चरायझर, मग दोन बोटांवर भरून निघेल एवढं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. मान आणि पंजांना वेगळं. बाहेर असेन तर दर दोन तासांनी पुन्हा. आपल्या सावळ्या त्वचेत पुळी गेल्यावर मागे काळा डाग राहतो आणि ऊन तो आणखी गडद करतं. सनस्क्रीन नसेल तर पुळ्या कमी होऊनही चेहरा तसाच दिसत राहतो.

गोळी मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, हे मला माझा निळा टॉवेल पांढऱ्या ठिपक्यांचा झाल्यावर कळलं. आता त्यासाठी पांढरा नॅपकिन आहे.

दर रविवारी खिडकीपाशी, त्याच उजेडात एक फोटो काढायचा आणि आठवड्यातल्या नव्या पुळ्या वहीत लिहायच्या, हेही डॉक्टरांनीच सुचवलं होतं. आरशात रोज बघून काही कळत नाही. पहिल्या आठवड्यात अकरा. तिसऱ्यात सोळा. आठव्यात सात. बाराव्यात तीन. तेव्हा गोळी बंद झाली. ती जास्त दिवस चालू ठेवली तर जंतू तिला दाद देईनासे होतात. अॅडापलीन मात्र चालूच आहे, कारण ते सोडलं की छिद्रं पुन्हा बंद व्हायला लागतात.

डाग अजून आहेत. त्यांना आणखी काही महिने लागतील असं डॉक्टर म्हणाल्या. डाव्या गालावर दोन छोटे खड्डेही आहेत, मागच्या वेळी औषध सोडून नखांनी फोडलेल्या पुळ्यांचे. ते क्रीमने जाणार नाहीत.

गेल्या आठवड्यात मामेभावाचा मेसेज आला. बारावीत आहे, त्यालाही डॉक्टरांनी हेच जेल दिलंय. ‘ताई, जाम बिघडलंय. बंद करू का?’

मी त्याला विचारलं, “कितवा आठवडा? आणि किती लावतोस?”

त्याने बोटावरच्या जेलचा फोटो पाठवला. चांगले चार वाटाणे होते.