वहीतल्या तक्त्यातील १.२४

पर्सल्फेट आणि आयोडाइड यांच्या अभिक्रियेत आयोडीन तयार होते: S₂O₈²⁻ + 2I⁻ → 2SO₄²⁻ + I₂. तिचा वेग k[S₂O₈²⁻]ᵐ[I⁻]ⁿ असा लिहितात. m आणि n या कोटी समीकरणातल्या सहगुणकांवरून ठरत नाहीत, त्या मोजूनच काढाव्या लागतात.

मोजणीसाठी मिश्रणात थोडे थायोसल्फेट आणि स्टार्च घालतात. तयार होणारे आयोडीन थायोसल्फेट लगेच खाऊन टाकते. ते संपले की द्रावण एकदम निळे पडते. थायोसल्फेटची संहती ०.००१० मोल/लिटर असेल, तर निळे पडेपर्यंत ०.०००५ मोल/लिटर आयोडीन तयार झालेले असते. त्याला लागलेल्या सेकंदांनी भागले की आरंभीचा वेग मिळतो. एवढ्या वेळात पर्सल्फेट जेमतेम एक ते अडीच टक्के खर्चलेले असते, म्हणूनच त्याला आरंभीचा म्हणता येते.

प्रस्तुत लेखकाच्या पदवीच्या प्रयोगवहीतला तक्ता असा होता (संहती मोल/लिटरमध्ये):

| क्र. | [S₂O₈²⁻] | [I⁻] | वेळ (से.) |
|---|---|---|---|
| १ | ०.०४० | ०.०८० | ३१ |
| २ | ०.०४० | ०.०४० | ६३ |
| ३ | ०.०२० | ०.०८० | ७३ |

पहिल्या दोन ओळींत फक्त आयोडाइड बदलले आहे. ते निम्मे झाल्यावर वेग २.०३ पटींनी घटला. log २.०३ ला log २ ने भागले की n = १.०२, म्हणजे १. समीकरणात आयोडाइडपुढे २ असूनही कोटी एकच. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीवरून मात्र m = १.२४ आला. वहीत तो मुकाट्याने १ करण्यात आला.

चूक उघडी पडली ती k काढताना. वेगाला दोन्ही संहतींच्या गुणाकाराने भागल्यावर पहिल्या दोन ओळींतून सुमारे ०.००५० लिटर/(मोल·सेकंद) आले, तिसरीतून ०.००४३. तापमान तेच असताना वेग स्थिरांक ओळीगणिक बदलू नये.

कारण बाटलीत होते. दुसऱ्या मिश्रणात कमी केलेल्या पोटॅशियम आयोडाइडच्या जागी तितक्याच संहतीचे पोटॅशियम नायट्रेट घातले होते. तिसऱ्यात अमोनियम पर्सल्फेटची जागा साध्या पाण्याने भरली होती. दोन्ही अभिक्रियाकारक ऋण आयन असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. भोवतीचे इतर आयन हे प्रतिकर्षण सौम्य करतात. पाण्याने ते आयन विरळ झाले आणि k स्वतःच उतरला. वेग घटण्यात पर्सल्फेटच्या तुटवड्याबरोबर याचाही वाटा होता, आणि सगळा बोजा m वर पडला.

पाण्याऐवजी तितक्याच संहतीचे अमोनियम सल्फेट घालून तिसरे मिश्रण पुन्हा केले, तेव्हा निळा रंग ६२ सेकंदांनी आला. m = १.०० आणि k पुन्हा ०.००५०. एकूण कोटी २. k चा हा आकडा अर्थात त्या तापमानापुरता आणि मिश्रणातल्या क्षारांच्या त्याच प्रमाणापुरता खरा.