बदलीचा आदेश आणि बिल्टी

वडील टपाल खात्यात होते, त्यामुळे बदलीचा आदेश कसा वाचायचा हे तिला शाळकरी वयातच कळलं. नवं गाव कोणतं हे वडील नंतर बघत. बदली ‘सार्वजनिक हितार्थ’ आहे की ‘स्वतःच्या विनंतीवरून’, हे आधी. विनंतीच्या बदलीला प्रवासभत्ता मिळत नाही, ट्रकचं भाडं घरातून जातं. मग सामान चढलं की ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी घ्यायची: ट्रकचा नंबर, कुठून कुठे, किती नग, किती भाडं. ती पिवळट पावती आई पोथीच्या कपाटात ठेवी.

पुढे तिची स्वतःची बदली झाली, नागपूरहून पुण्याला, एका खासगी कंपनीत. तिनेही आधी पत्रच तपासलं. बदली कंपनीच्या गरजेमुळे, असं त्यात स्पष्ट होतं. धोरणात तीन गोष्टी होत्या: सामानाचा प्रत्यक्ष खर्च, पंधरा दिवसांचा तात्पुरता मुक्काम, आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली. मुदत रुजू झाल्यापासून 60 दिवस.

तिने 46,000 रुपयांचा सामानखर्च आणि 22,000 ची दलाली मागितली. दोन्ही मागण्या परत आल्या.

पॅकर्सवाल्याने दिलेला कागद दिसायला बिलासारखाच होता, पण वर बारीक अक्षरात ‘कोटेशन’ छापलेलं. कोटेशन म्हणजे नुसता अंदाज, पैसे दिल्याचा पुरावा नव्हे. तिने जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, बिल्टी आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद मागवली. बिल नवऱ्याच्या नावावर होतं, तेही स्वतःच्या नावावर करून घेतलं. दलालाने कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला होता. त्याच्याकडून पत्ता, पॅन आणि सहीसह पावती घेतली आणि भाडेकरार सोबत जोडला. डिपॉझिट तिने मागितलंच नाही, ते घरमालकाकडून परत मिळतं.

पुन्हा पाठवलेला मेल चार ओळींचा होता: ‘बदलीपत्रानुसार मी पुणे कार्यालयात रुजू झाले आहे. बदली धोरणातील सामानखर्च व दलालीच्या कलमांनुसार 68,000 रुपयांची प्रतिपूर्ती मिळावी. प्रत्येक रकमेसमोर बिलाचा क्रमांक दिला आहे. काही त्रुटी असल्यास लेखी कळवावे.’ शेवटची ओळ फार मोलाची. तोंडी ‘बघतो’ म्हटलं की मुदत निघून जाते.

बिलं लागण्याचं आणखी एक कारण आहे. बदलीसाठी मिळालेला भत्ता प्रत्यक्ष खर्च झाला तेवढाच करमुक्त धरला जातो. कंपनीने ठोक रक्कम दिली आणि त्यातली काही उरली, तर उरलेल्या रकमेवर कर लागतो.

पैसे पुढच्या पगारासोबत आले. मुलीच्या नव्या शाळेची प्रवेश फी मात्र नाकारली गेली, कारण धोरणात तसं कलमच नव्हतं. बदली कंपनीने केली म्हणूनच शाळा बदलली. तो खर्च घराने सोसावा, हे अन्यायाचं आहे. धोरणात हे कलम घालावं, असा अर्ज तिने त्या फीच्या पावतीची प्रत जोडून एचआरकडे दिला आहे.