काल्याच्या कीर्तनाचा आवाज

२१ फेब्रुवारी २०२५, मेहकर
काल गजानन महाराजांचा प्रकटदिन. तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाची सांगता झाली आणि काल्याच्या कीर्तनाचं चित्रीकरण आज माझ्या टेबलावर आलं. कॅमेरा चांगला आहे. आवाज मात्र कधी अंगावर येतो, कधी टाळांत बुडतो. स्टँडवर एकच माईक होता आणि कीर्तनकार महाराज एका जागी ठरत नव्हते. निरूपणात ते माईकला ओठ लावतात, चालीवर आले की दोन पावलं मागे, टाळकऱ्यांच्या रांगेकडे.

साउंडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "महाराज मागं सरकले का आवाज वाढवावा वाटते भाऊ, पण शिट्टी वाजली त सारे माह्याकडंच पाहतात." खरंच आहे. मंडपात कर्ण्यांसमोर त्याचा हात बांधलेला असतो. इथे शिट्टीची भीती नाही, म्हणून राहिलेलं काम इथे करायचं.

२२ फेब्रुवारी
आधी नुसतं पाहिलं आणि मीटर टिपलं. तोंड माईकपासून वीतभर लांब असताना आवाज उणे १५ डेसिबलच्या आसपास. अंतर निम्मं झालं की उणे ९, दुप्पट झालं की उणे २१. दुप्पट अंतराला सुमारे ६ डेसिबल घट, हा मोकळ्या जागेचा नियम कापडी मंडपात बराचसा लागू पडतो.

वीतभर अंतर प्रमाण धरलं. जवळचा आवाज ५ डेसिबल खाली ओढला, लांबचा ४ नेच उचलला. आता तिन्ही जागा उणे १४, १५ आणि १७ वर आहेत. लांबचं पूर्ण ६ नं उचललं नाही, कारण महाराज लांब गेले तरी टाळ माईकपासून तेवढ्याच अंतरावर असतात. शब्द जितका वर येतो तितकेच टाळही वर येतात. शिवाय माणूस मागे गेलेला दिसतोय, तर आवाज थोडा लहान असलेलाच बरा.

२३ फेब्रुवारी
आज एकाच जागेवर बराच वेळ गेला. ४१:१२ ला महाराज मागे सरकू लागतात, ४१:१४ ला थांबतात, तिथूनच दोन वाक्यं बोलतात आणि ४१:२९ ते ४१:३० मध्ये झपकन पुढे येतात. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवरच्या आवाजाच्या रेषेवर Alt दाबून क्लिक केलं की कीफ्रेम पडते. इथे चार पुरल्या: ४१:१२ ला शून्य, ४१:१४ ला अधिक ४, ४१:२९ ला पुन्हा अधिक ४, ४१:३० ला शून्य. जाताना उतार लांब, येताना आखूड; पावलं जशी पडली तशी रेषा.

४१:१४ ची कीफ्रेम उशिरा ठेवून पाहिली, तर पहिल्या वाक्याचं शेवटचं 'नाही' टाळांत गेलं. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला बसतो आणि तो गेला की निरूपणाचा अर्थच उलटतो. ४१:३० ची उशिरा ठेवली, तर परत येतानाचा पहिला शब्द दणकन आदळला. दोन्ही चुका मीटरवर ठळक दिसत नाहीत. डोळे मिटून, हेडफोनचा आवाज न हलवता ऐकलं की सापडतात.

२४ फेब्रुवारी
मित्राचं म्हणणं, कॉम्प्रेसर लाव आणि मोकळा हो. लावून ऐकला. पुंडलिकाच्या प्रसंगात महाराज माईकजवळ राहूनच आवाज मुद्दाम हळू करतात. कॉम्प्रेसरला ते अंतर वाटतं, आणि जोरावर बसवलेला लगाम तिथे सुटून हळू आणि मोठं जवळजवळ सारखं होतं. प्रत्येक विरामात टाळ आणि पंख्याची घरघर फुगून वर येते ती वेगळीच.

लांब गेलेला आवाज आणि हळू केलेला आवाज कानाला वेगळे कळतात. जवळच्या हळू आवाजात खर्ज भरलेला असतो. लांबच्या आवाजातला खर्ज गळतो आणि भोवतीचा मंडप ऐकू येतो. शंका आली तर चित्रात पाय पाहायचे. पाय हलले तरच कीफ्रेम, नाही तर रेषेला हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर ठेवला, पण ट्रॅकवर, म्हणजे कीफ्रेमनंतर; आता त्याला दोन-तीन डेसिबलचंच काम उरलं.

२५ फेब्रुवारी
पातळी जुळली तरी जवळचे तुकडे घुमत होते. तोंड अगदी जवळ आलं की हा माईक खर्ज वाढवतो आणि आवाज खाली ओढल्यानं तो जात नाही. ते तुकडे कापून वेगळे केले आणि २०० हर्ट्‌झखालचा भाग ४ डेसिबलनं कमी केला.

एका गजरात महाराज पूर्ण पाठ फिरवून बोलतात. ते वाक्य उचललं तर टाळच वर येतात. तसंच सोडलं आणि चित्राखाली अक्षरांत दिलं. साउंडवाल्याला सांगून ठेवलं आहे: पुढच्या वर्षी महाराजांच्या माईकची नोंद मिक्सरच्या फेडरआधी वेगळी घे. म्हणजे त्याच्या हाताचे चढउतार आणि महाराजांच्या पावलांचे चढउतार एकमेकांत मिसळणार नाहीत.