ठेवावे ठेवावे भरून पाणी

काल रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणत होते, "सचिव. विश्वसू. आपली. ठेवावे. ठेवावे. भरून. पाणी." बाहेरून नवऱ्याने विचारलं, "अगं, मंत्र म्हणतेयस का?" मंत्रच होता तो!

आमच्या सोसायटीची सचिव मी, आणि रविवारच्या टाकी-सफाईचा मेल सगळ्या सभासदांना पाठवायचा होता. तीनदा वाचला, निर्दोष वाटला. मग खालच्या मजल्यावरच्या काकांचं बोलणं आठवलं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितशोधन केलेला माणूस. ते म्हणाले होते, "शेवटच्या शब्दापासून उलटं वाच, आणि तोंडाने वाच. मनात नको."

केलं तसं. आणि पहिल्याच ओळीत, म्हणजे खरं तर शेवटच्या ओळीत, 'विश्वसू'! सुलट वाचताना 'आपली' दिसलं की पुढचं 'विश्वासू' डोकं स्वतःच म्हणून टाकतं, डोळ्यांना विचारतच नाही. उलट दिशेने त्याला पुढचं काही ओळखताच येत नाही, म्हणून जे लिहिलंय तेच म्हणावं लागतं. मग दोनदा पडलेलं 'ठेवावे'. मग 'टाकी धुण्याचे काम'मधलं 'धुण्यचे', जे जिभेला अक्षरशः अडलं. दोन मिनिटांत तीन चुका!

घाईने मेल सुटू नये म्हणून पत्त्याची जागा रिकामी ठेवली होती, ते बरंच झालं. कारण हुरळून पाठवणार तेवढ्यात एकदा सुलट वाचला: 'रविवारी दिवसभर पाणी येणार. सर्व सभासदांनी शनिवारीच पाणी भरून ठेवावे.' येणार? मग भरून कशाला ठेवायचं? 'नाही' गळलं होतं! उलटं म्हणताना 'येणार. पाणी. दिवसभर.' सगळे शब्द शुद्ध, त्यामुळे कान गप्प राहिले. जो शब्द लिहिलाच नाही, तो उलटं वाचून कसा सापडणार? 'टाकी धुतला' असं काही असतं तर तेही निसटलं असतं, कारण उलट्या रांगेत शब्दांची नातीच तुटतात. काकांना सकाळी विचारलं, तर म्हणाले, "लिंग-वचनासाठी शब्द नाही, वाक्यं उलटी घ्यायची. शेवटचं वाक्य आधी, पण ते वाचायचं सुलट." आणि ऱ्हस्व-दीर्घ? ते कानाला नीट कळत नाही, त्यासाठी शब्दकोशच उघडावा लागतो.

मेल रात्रीच दुरुस्त होऊन गेला होता. पण मला राहवेना. पाठवलेले जुने मेल उघडले आणि खालून वाचू लागले. मागच्या दिवाळीत मी सहीचा मजकूर एकदा टाइप करून कायमचा साठवला होता. तेव्हापासूनच्या प्रत्येक मेलखाली मी सभासदांची 'विश्वसू' आहे. एकानेही सांगितलं नाही!