कोपराच्या खाली वीतभर

लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. नागरी वाचकांना हा शब्द गुरुद्वारामुळे माहीत असतो, आम्हाला पोटामुळे.

मेजर असताना माझं पोस्टिंग ईशान्येकडच्या एका डोंगराळ जागी होतं. आमची युनिट मिश्र होती, हरियाणापासून मिझोरामपर्यंत सगळीकडचे जवान. जुना लंगर गळायला लागला होता, म्हणून नव्या शेडचं काम निघालं आणि ते माझ्याकडे आलं. सगळं नकाशाप्रमाणे चाललं होतं. फक्त ओट्याच्या उंचीपाशी मिस्त्री थांबला. "साहब, स्लॅब कितना ऊँचा?" मी समोर उभा राहिलो, हात कोपरात वाकवला, पोळी लाटल्यासारखा पुढे-मागे केला आणि सांगितलं, "छत्तीस इंच." छत्तीस इंच म्हणजे ९१ सेंटिमीटर. मला अगदी बरोबर वाटत होतं. वाटणारच. माझी उंची १७८ सेंटिमीटर.

दोन महिन्यांनी एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये एकच नाव वारंवार दिसायला लागलं. आमचा मिझो आचारी, उंची १५७. तक्रार खांद्याची आणि मानेची. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, दोन दिवस विश्रांती दिली. विश्रांतीत बरं वाटायचं, कामावर आला की पुन्हा दुखायचं. लंगर कमांडरचं मत पडलं की गडी काम टाळतोय. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. कारण इन्स्पेक्शनच्या वेळी मी त्याला ओट्यापाशी एका उलट्या खोक्यावर उभं राहून पोळ्या लाटताना पाहिलं होतं. नव्या कोऱ्या लंगरमध्ये ते खोकं मला गबाळं वाटलं, आणि गरम डेगची घेऊन जाणारा कुणी अडखळला असता हेही खरं होतं. मी ते खोकं तिथून हलवायला लावलं होतं.

त्याची बदली दुसऱ्या कामावर करावी असा कागद माझ्यासमोर आला, तेव्हा सही करण्याआधी मी पहाटे लंगरमध्ये जाऊन बसलो. अर्ध्या तासात दिसलं. लाटणं पुढे ढकलताना त्याची कोपरं अंगापासून दूर, वर उचलली जात होती आणि खांदे कानांकडे सरकत होते. एका वेळेला पाचशेच्या आसपास पोळ्या. त्यातला त्याचा वाटा शंभरावर असेल. प्रत्येक पोळीला खांदे वर. शेजारचा हरियाणाचा उंच आचारी त्याच ओट्यावर आरामात लाटत होता.

मी टेप मागवली. माप सोपं आहे. कामावरचे बूट घालून सरळ उभं राहायचं, खांदे सैल सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजायचं. माणसाचं कोपर साधारण उंचीच्या ६३ टक्क्यांवर असतं. मिझो आचाऱ्याचं बुटांसकट १०१ सेंटिमीटर भरलं, हरियाणाच्या गड्याचं ११७, माझं ११४.

आता ओट्याचं गणित. उभ्यानं करायच्या हलक्या कामाला, म्हणजे भाजी चिरणं वगैरे, काम कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवं. लाटताना वरून दाब द्यावा लागतो, म्हणून आणखी खाली, पंधरा ते वीस. म्हणजे वीतभर. कणीक मळताना अंगाचं वजन टाकायचं असतं, ते त्याहूनही खाली. आणि हे अंतर ओट्यापासून मोजायचं नाही, हात जिथे चालतो तिथून मोजायचं. इथे माझी दुसरी चूक निघाली. ओट्यावर पाच सेंटिमीटर जाड लाकडी फळी होती, लाटणं तिच्यावर चालायचं. म्हणजे खरी उंची ९१ नव्हे, ९६. मिझो आचाऱ्याच्या कोपराखाली फक्त पाच सेंटिमीटर. हरियाणावाल्याच्या कोपराखाली एकवीस.

माझी पहिली सूचना टिपिकल फौजी होती: सगळ्यांची कोपरं मोजा, सरासरी काढा, त्या मापाचा ओटा करा. सुदैवानं एक जुनी गोष्ट आठवली. १९५० साली अमेरिकन हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटनं ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिट तेव्हा सरासरी माणसाच्या मापाचं असे. डॅनियल्सनं दहा मापं निवडली आणि सरासरीच्या आसपासचे बरेच आकडे चालवून घेतले. तरी दहाही मापांत सरासरी ठरेल असा एकही वैमानिक सापडला नाही. त्यानंतर वैमानिकाच्या मापाप्रमाणे सरकवता येणाऱ्या सीटवर भर आला.

ओटा मात्र सरकत नाही. एकच उंची ठेवायची तर उंच माणसाप्रमाणे ओटा करून बुटक्याला पायाखाली पाट देतात, पण लंगरमध्ये तो अडखळण्याचा धोका होताच. म्हणून मी दोन उंच्या केल्या. जुना ओटा उंच मंडळींसाठी राहिला. भिंतीकडे ७८ सेंटिमीटरचं एक भक्कम लाकडी टेबल बसवलं. फळी धरून ८३, म्हणजे मिझो आचाऱ्याच्या कोपराखाली अठरा.

मग बाकी लंगरही टेप घेऊन पाहिला. जेवणाच्या हॉलमधल्या पाठवाल्या बाकांची बैठक ४८ सेंटिमीटर खोल होती. बुटका जवान पाठीला टेकला की बाकाची कड गुडघ्यामागे रुतायची, पाय बधिर व्हायचे; म्हणून तो काठावर बसायचा आणि पाठ रिकामी राहायची. बैठकीची खोली आखूड मांडीवरून ठरते. आम्ही ती ४० वर आणली. उंच जवानाचं त्यात काही बिघडलं नाही. वाटेचं नेमकं उलटं. ती सर्वांत रुंद माणसावरून धरायची, तीही हिवाळ्यात कोट-पार्का घातलेल्या. दोघं डेगची धरून जाणार असतील तर त्यांच्या कोपरांसकट. ओट्यामागची वाट ७५ सेंटिमीटर होती. एक जण लाटत असताना दुसऱ्याला आडवं होऊन सरकावं लागायचं. टेबल भिंतीकडे लावण्याआधी मधलं रॅक काढून ती १२० केली.

बदलीचा कागद मी परत पाठवला. खांदा लगेच बरा झाला नाही, दीड-दोन महिने गेले. पण रजिस्टरमधलं नाव कमी होत गेलं आणि मग थांबलं. एकदा मी त्याला म्हटलं, "पहले बोला क्यों नहीं?" तो हसून म्हणाला, "बोला था साहब. बक्से से."

त्या सुट्टीत गावी गेलो. आजी जन्मभर चुलीपुढे बसून रांधलेली. घरात ओटा आला तेव्हा तिच्यासाठी फार उंच झाला होता, म्हणून ती जेवायचा पाट पायाखाली घेऊन उभी राहायची. आम्ही पोरं तिला हसायचो. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. पाट अजून ओट्याखाली आहे. मी टेप काढून मोजला: सात सेंटिमीटर.